हस्तलिखित गुणनोंदवही शीटमध्ये उतरवताना: न वाचता येणाऱ्या आकड्याचं काय करायचं

रजिस्टरमधला एखादा आकडा पुसट असतो, त्यावर खाडाखोड असते किंवा शाई पसरलेली असते. टाइप करणारा क्षणभर थांबतो, “एकोणचाळीसच असावेत” म्हणतो आणि 39 टाकून पुढे जातो. कागदावर ती शंका निदान डोळ्यांना दिसत होती. शीटमध्ये मात्र तो 39 शेजारच्या स्वच्छ 34 इतकाच खात्रीचा दिसतो, आणि तिथून पुढे बेरीज, श्रेणी, प्रगतिपत्रक सगळं त्याच्यावर उभं राहतं. नंतर कुणी विचारलं तरी कोणता आकडा वाचलेला आणि कोणता ठोकून दिलेला हे सांगता येत नाही.

म्हणून हे काम कोणत्या क्रमाने करायचं ते इथे एका नमुन्यावरून पाहू. इयत्ता सातवी, विषय गणित, प्रथम सत्र, पट ३८. सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनाचे ४० आणि संकलितचे ६० गुण असतात. संकलितमध्ये तोंडी-प्रात्यक्षिक १० आणि लेखी ५०. म्हणजे प्रत्येक मुलामागे गुणांच्या तीन नोंदी आणि चौथी एकूण बेरीज. टाइप करणारा कुणीही असो, कार्यालयातला लिपिक, नवीन शिक्षक किंवा घरचं कॉलेजातलं पोरगं, त्याने एक गोष्ट धरून चालायची: आकडा वाचणं त्याचं काम, आकडा ठरवणं वर्गशिक्षकांचं.

## १. संगणक सुरू करण्याआधी रजिस्टर मोजा

आधी शेवटचा हजेरी क्रमांक पाहा आणि नावं प्रत्यक्ष मोजा. दोन्ही जुळतीलच असं नाही. दाखला घेऊन गेलेल्या मुलाच्या नावावर रेघ असते पण क्रमांक तसाच राहतो, आणि सत्राच्या मध्ये आलेलं मूल वर्णानुक्रम सोडून तळाला लिहिलेलं असतं. शीटमध्ये क्रमांक रजिस्टरचेच ठेवा. रेघ मारलेली ओळसुद्धा घ्या आणि शेऱ्यात “नाव कमी” लिहा. ती ओळ गाळली की तिच्याखालचा प्रत्येक क्रमांक एकाने सरकतो, आणि पडताळणीच्या वेळी दुसऱ्याच मुलाचे गुण समोर येतात. (आपल्या नमुन्यात अशी ओळ नाही. ३८ क्रमांक, ३८ मुलं.)

मग प्रत्येक रकान्याचं शीर्षक आणि कमाल गुण एका कागदावर उतरवा. शीर्षक नुसतं “आ.”, “तों.”, “ले.” असं असेल तर विचारून घ्या.

त्यानंतर पानांचे फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल पानाला समांतर धरून. फ्लॅशमुळे निळ्या शाईवर चकाकी येते आणि नेमका तोच आकडा उडतो. पेन्सिलीने लिहून खोडलेलं काही असेल तर पान खिडकीशी नेऊन उजेड बाजूने तिरपा पडेल असं धरा. टोकाने उमटलेला खड्डा सावलीत दिसतो. शेवटचा शब्द मूळ पानाचाच, फोटो फक्त मोठा करून पाहण्यासाठी. हे फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, त्यात ३८ मुलांची नावं आणि गुण आहेत.

> सावधान: रजिस्टरवर पेन्सिलीची खूणसुद्धा करायची नाही. शंकेच्या आकड्याशेजारी तुमचा ठिपका पडला, तर पुढचा माणूस त्यालाच दशांशचिन्ह समजेल.

## २. लिहिणाऱ्याचं वळण आधी ओळखा

शंका निघाल्यावर वळण शोधायला जाऊ नका, ते आधीच करून ठेवा. यासाठी लागणारा नमुना त्याच पानावर असतो: हजेरी क्रमांक. १ ते ३८ हे आकडे काय आहेत याबद्दल वादच नाही, आणि ते बहुधा त्याच हाताने लिहिलेले असतात. तेवढ्यात शून्य ते नऊ सगळे अंक येतात. १, ११, २१, ३१ एकाखाली एक पाहा, मग ९, १९, २९. या हाताचा ‘१’ खाली सरळ शेपटी सोडतो की वळवतो, ‘९’ची वरची गाठ पुरी होते की अर्धी, हे पाच मिनिटांत कळतं. जे दिसलं त्याचा शून्य ते नऊ असा तक्ता कागदावर काढून ठेवा. क्रमांक छापील असतील किंवा दुसऱ्याने लिहिलेले असतील, तर परीक्षेच्या तारखा घ्या.

देवनागरी अंकांत बहुतेक घोटाळे १ आणि ९, २ आणि ३, ५ आणि ६ या जोड्यांत होतात. इंग्रजी अंकांत 1 आणि 7, 3 आणि 8, 4 आणि 9. पण सगळ्यांत वाईट ते मिश्र रजिस्टर. एकाच रकान्यात अर्धे आकडे मराठी आणि अर्धे इंग्रजी असतील, तर देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि घाईत लिहिलेला देवनागरी ४ वरून मिटला की इंग्रजी 8 होतो. अशा पानावर आधी हेच ठरवायचं की ही ओळ कोणत्या लिपीत आहे. शेजारचे दोन आकडे पाहिले की ते बहुधा कळतं. नाही कळलं तर ती शंका.

तपासा: अंकांचा तक्ता तुमच्यासमोर कागदावर आहे का? “वळण लक्षात आहे” हे पुरेसं नाही. विसाव्या ओळीपर्यंत डोळा स्वतःचंच वळण लादायला लागतो.

## ३. शीट आखा, आणि शंकेला जागा ठेवा

ओळ १ मध्ये इयत्ता-विषय-सत्र, ओळ २ मध्ये शीर्षकं, ओळ ३ मध्ये कमाल गुण. मुलं ओळ ४ ते ४१. रकाने असे:

| रकाना | मजकूर |
|---|---|
| A | हजेरी क्रमांक |
| B | नाव |
| C | आकारिक (४०) |
| D | तोंडी (१०) |
| E | लेखी (५०) |
| F | एकूण, रजिस्टरमध्ये लिहिलेली |
| G | एकूण, शीटने मोजलेली |
| H | फरक |
| I | शेरा: काय दिसतं |

F आणि G वेगळे ठेवण्यावर बऱ्याच जणांची नाराजी असते. “बेरीज तर शीटच करेल” म्हणतात. करेलच. पण रजिस्टरमधली बेरीज ही शिक्षकांनी स्वतंत्रपणे केलेली नोंद आहे, आणि आपलं टायपिंग पकडायला तिच्याइतकी स्वस्त सोय दुसरी नाही.

C, D, E मध्ये एकतर संख्या येईल किंवा पुढल्या तीन शब्दांपैकी एक:

- `गैह`: रजिस्टरमध्ये गैरहजर असं स्पष्ट लिहिलंय.
- `रिक्त`: चौकट कोरी आहे.
- `शंका`: काहीतरी लिहिलंय, पण ते एकाच प्रकारे वाचता येत नाही.

शून्य हा चौथा, आणि तो गुण आहे. कोऱ्या चौकटीत 0 टाकणं म्हणजे मुलाने पेपर दिला आणि त्याला काहीच आलं नाही असं लिहून देणं.

शंकेसाठी नुसतं `?` वापरू नका. एक्सेलमध्ये ते चिन्ह “कोणतंही एक अक्षर” या अर्थाने चालतं, त्यामुळे शोधताना आणि मोजताना भलत्याच चौकटी हाती लागतात. अंदाजाचा आकडा टाकून चौकट पिवळी करणं हा त्याहून वाईट मार्ग. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये रंग जातो, सीएसव्हीत जातो, दुसऱ्या शीटमध्ये फक्त आकडे चिकटवले तरी जातो. मागे उरतो तो अंदाज. रंग हवाच असेल तर `शंका` या शब्दावर चढवा, आकड्यावर नको.

आता C4 पासून C41 पर्यंत निवडून डेटा व्हॅलिडेशनमध्ये कस्टम हा पर्याय घ्या आणि हे सूत्र टाका:

```
=OR(AND(ISNUMBER(C4),C4>=0,C4<=40),C4="गैह",C4="रिक्त",C4="शंका")
```

D साठी 40 च्या जागी 10, E साठी 50, आणि C4 च्या जागी अर्थातच D4 आणि E4. याने दोन गोष्टी साधतात. ४० पैकी 43 टाइप झालं तर शीट तिथेच अडवतं. आणि कीबोर्ड मराठीत राहून गेला आणि ३४ असं देवनागरीत टाइप झालं, तर तेही अडतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण देवनागरी आकडे शीट सहसा मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही. गुण इंग्रजी अंकांतच टाइप करा. असा मजकूर झालेला आकडा चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसतो, खरी संख्या उजवीकडे.

## ४. टाइप करणं: रकान्याने खाली, आडवं नाही

आधी सगळे क्रमांक आणि नावं. नावं जुळली की मगच गुण, आणि गुण एका वेळी एकच रकाना: पूर्ण आकारिक, मग पूर्ण तोंडी, मग पूर्ण लेखी. असं केल्याने कमाल गुणांचा एकच अंदाज डोळ्यासमोर राहतो आणि एन्टर दाबत खाली जाता येतं. यातला धोका एकच, एखादी ओळ सुटली की खालचं सगळं एका ओळीने वर सरकतं. म्हणून रजिस्टरवर पट्टी ठेवा आणि दर दहाव्या नोंदीला थांबून क्रमांक पडताळा: रजिस्टरमध्ये २०, शीटमध्येही २० शेजारीच आहात ना?

आकडा अडला की या क्रमाने जा. एकदा सरळ पाहा. मग शेजारच्या चौकटी कागदाने झाकून फक्त तोच आकडा पाहा. मग अंकांच्या तक्त्याशी ताडा. तरीही दोन वाचनं उरत असतील तर `शंका` टाका, I मध्ये काय दिसतं ते लिहा आणि पुढे जा. यापेक्षा जास्त वेळ रेंगाळू नका. एकाच आकड्याकडे दोन मिनिटं टक लावून पाहिलं की तो हवा तसा दिसायला लागतो.

वाचनाला आधार फक्त आकाराचा. “या मुलीला इंग्रजीत ४६ आहेत”, “मागच्या सत्रात त्याला तीसच्या पुढे होते”, “वर्गात बहुतेकांना सात-आठ आहेत” यातलं काहीही चौकटीत आकडा टाकायला चालणार नाही. ही सगळी त्या मुलाबद्दलची मतं आहेत, कागदावरची शाई नव्हे. आणि अंदाज नेहमी अपेक्षेकडेच झुकतो: हुशार समजल्या गेलेल्याचा ‘१’ नऊ होतो, मागे बसणाऱ्याचा ‘९’ एक.

शेऱ्यात निष्कर्ष नको, वर्णन हवं. “बहुतेक 39” असं नाही, तर “दशक ३ स्पष्ट, एकक १ किंवा ९, वरची गाठ अर्धी”. दोन शक्यता तिरक्या रेघेने वेगळ्या करून `3/8` असं लिहू नका. नुसतं तेवढंच टाइप केलं तर शीट त्याची तारीख करून टाकतं. “३ किंवा ८” असं शब्दांत लिहा.

आपल्या नमुन्यात तीन रकाने संपेपर्यंत चार शंका निघाल्या:

| ह. क्र. | रकाना | शेरा |
|---|---|---|
| ६ | लेखी | पाण्याने शाई पसरली. दशक २, एकक दिसत नाही |
| १४ | लेखी | गिरवलेलं. २८ किंवा ३८, वरचं कोणतं ते कळत नाही |
| २३ | आकारिक | दशक ३; एकक १ किंवा ९ |
| ३१ | तोंडी | फक्त आडवी रेघ |

शेवटची नोंद नीट पाहा. रेघ म्हणजे गैरहजर, शून्य, की तोंडी घेतलीच नाही? रजिस्टरच्या वर तसा खुलासा नसेल, तर ती `गैह` नाही आणि `रिक्त`ही नाही.

सर्वांत शेवटी F, म्हणजे रजिस्टरमधली एकूण. तोवर G आणि H मध्ये सूत्रं टाकूच नका. मोजलेली बेरीज समोर दिसत असली की लिहिलेली बेरीज वाचताना डोळा ती जुळवूनच वाचतो.

## ५. बेरजेची पडताळणी, आणि तिची मर्यादा

आता G4 मध्ये हे, आणि खाली ४१ पर्यंत ओढा:

```
=IF(COUNT(C4:E4)=3,SUM(C4:E4),"अपूर्ण")
```

नुसतं `SUM` का नाही? कारण ते शब्द बघून थांबत नाही, वगळून पुढे जातं. क्रमांक २३ चे आकारिक `शंका`, तोंडी 7, लेखी 36; नुसतं `SUM` बिनतक्रार 43 दाखवेल आणि ते खऱ्या बेरजेसारखंच दिसेल. H4 मध्ये:

```
=IF(AND(ISNUMBER(F4),ISNUMBER(G4)),F4-G4,"")
```

फरक शून्य नसेल तिथे आधी स्वतःचं टायपिंग पाहा. फरकाचा आकडा बऱ्याचदा चूक कुठे आहे ते सुचवतो. ९, १८, २७ असा नवाच्या पटीत असेल तर अंकांची अदलाबदल: 36 च्या जागी 63 पडलं तर फरक २७ येतो. फरक ८ असेल तर कुठेतरी १ आणि ९ चा घोळ. बरोबर १० असेल तर दशकाचा अंक चुकला, किंवा हातचा राहिला. टायपिंग रजिस्टरप्रमाणेच निघालं, तर बेरीज रजिस्टरमध्येच चुकली आहे. मग काहीही बदलू नका. शेऱ्यात “रजिस्टरच्या बेरजेत फरक” एवढं लिहा. तोही प्रश्न वर्गशिक्षकांकडे जाईल.

इथेच सर्वांत मोठा मोह येतो: बेरजेवरून शंकेचा आकडा उलटा काढण्याचा. क्रमांक २३ ची रजिस्टरमधली एकूण ८२ आहे. ८२ मधून ७ आणि ३६ गेले की ३९ उरतात. १ की ९ हा प्रश्न मिटला, टाका 39?

आता क्रमांक १४ पाहा. आकारिक ३०, तोंडी ८, लेखी २८ किंवा ३८, आणि एकूण ६६. तीच रीत लावली तर लेखी २८ निघतात, आणि तेही अगदी चोख जुळतात. पण विचार करा, आकडा गिरवला कधी? उत्तरपत्रिका परत पाहताना मागच्या पानावरचा दहा गुणांचा प्रश्न बेरजेत धरायचा राहिल्याचं लक्षात आलं, २८ चे ३८ केले आणि शेवटच्या रकान्यातली ६६ तशीच राहिली, असं सहज होतं. मग बेरीज जुन्या आकड्याची साक्ष देत असते. ६६ ला श्रेणी ब-२, ७६ ला ब-१.

म्हणून नियम असा: बेरजेवरून निघालेला आकडा शेऱ्यात जातो, गुणांच्या चौकटीत नाही. क्रमांक २३ चा शेरा “एकक १ किंवा ९, बेरजेवरून ३९ येतात”, चौकटीत `शंका` तशीच. आणखी एक कारण आहे. 39 तुम्ही बेरजेवरून टाकलात, की त्या ओळीचा फरक आपोआप शून्य येणार. पडताळणीच त्या ओळीपुरती मेली.

कमाल गुणांवरून काढलेल्या निष्कर्षालाही हेच लागू. ४० पैकीच्या रकान्यात “३१ किंवा ४१” दिसत असेल, तर ४१ शक्य नाही हे खरं. पण आकडा चुकीच्या रकान्यात लिहिला गेला असणं शक्य आहे. शेऱ्यात लिहा, विचारा.

क्रमांक ३१ ला तर बेरीज काहीच सांगत नाही. आकारिक २८, लेखी ३३, एकूण ६१. तोंडी शून्य असली तरी ६१, गैरहजर असला तरी ६१.

तपासा: प्रत्येक रकान्याखाली ही गोळाबेरीज टाका. उत्तर 38 आलंच पाहिजे:

```
=COUNT(C4:C41)+COUNTIF(C4:C41,"गैह")+COUNTIF(C4:C41,"रिक्त")+COUNTIF(C4:C41,"शंका")
```

37 आलं तर एखादी चौकट शीटमध्येच रिकामी राहिली आहे, किंवा कुठेतरी “शंका ” असा शब्दामागे स्पेस पडला आहे.

## ६. दुसऱ्या माणसाचं वाचन

बेरीज जुळली म्हणजे काम झालं असं नाही. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकू शकतात. आकारिकमध्ये तीन जास्त आणि लेखीत तीन कमी पडले तर H मध्ये शून्यच दिसतं.

एकाने रजिस्टर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने शीट पाहायचं. उलट करू नका. शीट वाचून दाखवलं की रजिस्टर पाहणारा नुसती मान डोलावतो. आणि वाचताना “एकोणचाळीस” नाही, “तीन-नऊ” म्हणा. मराठी संख्यानामांत ऐकण्याची गफलत ठरलेली आहे: एकोणतीस ऐकून 39 पाहिलं जातं, एकोणचाळीस ऐकून डोळा चारने सुरू होणारा आकडा शोधतो, सदतीस आणि सत्तावीस घाईत एकच वाटतात. अंक सुटे म्हटले की हा प्रश्नच येत नाही. गैरहजर असेल तिथे “गैरहजर”, कोरं असेल तिथे “कोरं”.

कुठे शंका लावली आहे हे वाचणाऱ्याला आधी सांगू नका. तो न अडखळता आकडा म्हणाला, आणि तोच आकार हजेरी क्रमांकांत बोट ठेवून दाखवू शकला, तर शंका काढता येईल. शेऱ्यात “दुसऱ्या वाचनात स्पष्ट” लिहा. तो थबकला तर शंका राहिली. दोघांनी मिळून “नऊच धरू या” असं ठरवणं म्हणजे एकाच्या जागी दोघांचा अंदाज.

उलटही होतं. तुम्हाला स्वच्छ वाटलेल्या आकड्यावर तो अडतो. तिथे नवीन शंका लावा, हुज्जत घालू नका.

## ७. वर्गशिक्षकांना काय आणि कसं विचारायचं

शंकेच्या ओळी तेवढ्या निवडून वेगळ्या शीटवर घ्या. प्रत्येक ओळीत हजेरी क्रमांक, रकाना, प्रश्न, आणि पुढे तीन कोरे रकाने: उत्तर, कशावरून, तारीख व सही.

प्रश्न कसा विचारता त्यावर उत्तर ठरतं. “सर, तेवीस नंबरला एकोणचाळीसच आहेत ना?” याला दुपारच्या सुट्टीत “हो, टाका” हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी लिहा: “ह. क्र. २३, आकारिक: एकक १ आहे की ९? मूळ नोंद पाहून सांगावे.” बेरजेवरून आलेला आकडा या कागदावर घालू नका. तो तुमच्या शेऱ्यात आहेच, उत्तर आल्यावर ताडून बघता येईल.

“कशावरून” हा रकाना कधीही कोरा सोडू नका. उत्तरपत्रिका पाहून, आकारिकच्या तंत्रनिहाय नोंदी पाहून, की आठवणीतून? आठवणीतलं उत्तर नाकारण्याचा अधिकार टाइप करणाऱ्याला नाही, पण “आठवणीतून” असं लिहून ठेवण्याचा आहे, आणि ते लिहिलं जाणार म्हटल्यावर बहुतेक जण कपाट उघडतात.

नमुन्यातल्या चारांचं असं झालं:

| ह. क्र. | उत्तर | कशावरून |
|---|---|---|
| ६ | – | उत्तरपत्रिका सापडली नाही |
| १४ | ३८ | उत्तरपत्रिका. दहा गुण नंतर मिळवलेले |
| २३ | ३९ | आकारिकच्या तंत्रनिहाय नोंदी |
| ३१ | गैरहजर | तोंडी परीक्षेची हजेरी |

बेरजेने एका ठिकाणी खरं सांगितलं, एका ठिकाणी खोटं, आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे. क्रमांक १४ ची रजिस्टरमधली ६६ कुणी दुरुस्त करायची तर वर्गशिक्षकांनी, स्वतःच्या सहीने. शीटच्या F मध्ये 66 तशीच राहील, G मध्ये 76 येईल आणि H मध्ये -10 दिसत राहील. तो फरक लपवायचा नाही, शेऱ्यात कारण आहे.

## ८. अंतिम प्रत

मूळ शीटला हात न लावता तिची प्रत काढा. पहिलीला “मूळ वाचन”, दुसरीला “अंतिम” नाव द्या. उत्तरं फक्त अंतिममध्ये भरा. मूळ वाचनात `शंका` कायम राहिली पाहिजे, नाहीतर कोणता आकडा रजिस्टरमधून आला आणि कोणता नंतर ठरला हे पुसलं जातं.

क्रमांक ६ अंतिममध्येही `शंका`च राहील, त्याची एकूण “अपूर्ण” राहील आणि श्रेणी कोरी. पुढे कुठे भरताना संख्याच लागत असेल, तर ती कोणती भरायची हे मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक लेखी ठरवतील, तुम्ही नाही.

श्रेणीचं सूत्र लावताना एक जुना सापळा आहे. `=IF(G4>=91,"अ-१",...)` असं सरळ लिहिलंत, तर क्रमांक ६ ला अ-१ मिळेल! एक्सेल तुलना करताना कोणताही शब्द कोणत्याही संख्येपेक्षा मोठा धरतं, म्हणून “अपूर्ण” हे ९१ पेक्षा जास्त ठरतं. आधी संख्या आहे का ते विचारा:

```
=IF(NOT(ISNUMBER(G4)),"",IF(G4>=91,"अ-१",IF(G4>=81,"अ-२",IF(G4>=71,"ब-१","..."))))
```

तीन ठिपक्यांच्या जागी उरलेल्या श्रेणी त्याच पद्धतीने येतील. क्रमांक ३१ लाही आता “अपूर्ण”च दिसेल, कारण त्याच्या तीन संख्या नाहीत. गैरहजर मुलाची बेरीज कशी धरायची हे शाळा ठरवेल. तोवर ओळ तशीच ठेवा, सूत्र वाकवू नका.

वर्गाची सरासरी काढलीत तर शेजारी किती मुलांची ते लिहा. `AVERAGE` शब्द असलेल्या चौकटी वगळतं, त्यामुळे ३८ च्या पटावर ती ३६ मुलांचीच सरासरी असते.

ओळ १ मध्ये, शीर्षकाच्याच चौकटीत, प्रिंटवर उमटेल असं लिहा: “एकूण नोंदी ११४. शंका ४, पैकी ३ मूळ कागद पाहून मिटल्या, १ बाकी (ह. क्र. ६, लेखी).” मग पीडीएफ काढा आणि छापलेल्या कागदावर क्रमांक ६ च्या ओळीत `शंका` हा शब्द पूर्ण उमटलाय ना ते डोळ्याने पाहा. रकाना अरुंद असेल तर शब्द अर्धा कापला जातो.

प्रिंट वर्गशिक्षकांकडे सहीला जाईल तेव्हा प्रश्नांचा कागद त्यालाच टाचून द्या, आणि रजिस्टर परत दिल्याची तारीख त्यावर टाका.